चाललेला फोटो हलवू नका: हिंज प्रोफाइल ताजं ठेवण्याबद्दल

प्रश्न: ताई, वय 31, पुण्यात नोकरी, हिंज या डेटिंग ॲपवर चार महिने झाले, तेव्हापासून प्रोफाइल तेच आहे. पहिल्या दोन महिन्यांत 23 लाईक आले, नंतरच्या दोन महिन्यांत फक्त 9. कशावर किती आले ते मोजलंय. बाल्कनीतला निळ्या कुर्त्यातला पहिला फोटो 13, राजमाचीचा ट्रेक 3, मित्राच्या लग्नातला ग्रुप 0, कुत्र्यासोबतचा 5, गिटारचा 1, जिमच्या आरशातला 0. ॲपच्या ठरावीक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांमध्ये `Typical Sunday` च्या मिसळीबद्दलच्या उत्तराला 8, `Two truths and a lie` ला 2, `I'm looking for` ला 0. नीट गप्पा झाल्या त्या `Typical Sunday` वाल्या 6 जणींशी आणि पहिल्या फोटोवाल्या 4 जणींशी, बाकी कुठेच नाही. ट्रेकचा फोटो 2021 चा आहे, तेव्हा चष्मा आणि दाढी नव्हती. गिटार रूममेटची आहे. मला खरा नाद जुने रेडिओ दुरुस्त करण्याचा, पण तो प्रोफाइलवर नाही. आता सगळंच नव्याने करू का? मला स्वतःला ते मिसळीचं उत्तर वाचून कंटाळा आलाय.

उत्तर:

सगळं नव्याने करू नका. तुमच्या नऊ गोष्टींपैकी दोन उत्तम चालताहेत, त्यांना हात लावायचा नाही. बाकीच्यांपैकी बहुतेक बदलायला हव्यात, पण 23 चे 9 झाले म्हणून नव्हे. ती घसरण आणि हे बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून आधी घसरणीचं बघू.

इतके लहान आकडे असले की निम्मी चढउतार नुसत्या योगायोगाची असते. मी एक ढोबळ कसोटी लावते. दोन आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. दोन आकड्यांतला फरक त्याहून कमी असेल तर त्यावरून काही ठरवू नका. तुमचे 23 आणि 9 मिळून 32, वर्गमूळ साधारण 5.7, दुप्पट 11.3. फरक 14 आहे, म्हणजे घसरण खरी आहे. पण त्या चार महिन्यांत तुम्ही प्रोफाइलमध्ये काहीच बदललं नाही. तेच फोटो, तीच उत्तरं. मग बदललं काय? बघणारी माणसं. नवीन खातं सुरुवातीला बऱ्याच जणींपुढे येतं, हा अनुभव जवळजवळ सगळ्यांनाच येतो. शिवाय तुमच्या वयाच्या आणि अंतराच्या अटींत बसणाऱ्या, नेहमी ॲप उघडणाऱ्या पुण्यातल्या मुलींनी पहिल्या दोन महिन्यांतच तुम्हाला बघून झालेलं असतं. त्यानंतर जेवढ्या नव्या येतील तेवढ्याच. तेव्हा 23 हा तुमचा नेहमीचा आकडा नव्हताच, दोन महिन्यांना 9 हा आहे. यापुढची तुलना 9 शी करा. 23 शी केलीत तर केलेला प्रत्येक बदल फसल्यासारखा वाटेल आणि तुम्ही पुन्हा पुन्हा बदलत बसाल.

याच कारणासाठी, फोटो बदलण्याआधी अंतराची आणि वयाची अट एकदा उघडून बघा. पिंपरी-चिंचवड वगळलं जाईल इतकं कमी अंतर ठेवलेले कितीतरी जण मी पाहिलेत, आणि मग ते फोटोला दोष देतात. अट सैल केलीत तर तारीख लिहून ठेवा. त्या तारखेनंतर जे वाढेल ते अटीचं, फोटोचं नाही.

आता तुमच्या हिशेबाकडे. हिंजचा एक मोठा फायदा असा की लाईक नुसता तुम्हाला मिळत नाही, तो एखाद्या फोटोवर किंवा उत्तरावर पडतो. त्यामुळे कोणती गोष्ट काम करतेय हे दिसतं. पण हा हिशेब वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे पहिला फोटो सगळ्यात वर असतो. जिला तुम्ही एकूणात आवडलात ती पुष्कळदा तिथेच बोट ठेवते, कुठेतरी ठेवावंच लागतं म्हणून. त्यामुळे तुमच्या 13 पैकी काही लाईक खरं तर खालची उत्तरं वाचून आलेले असणार. उत्तरावर लाईक देणारीने मात्र ते नक्की वाचलेलं असतं. दुसरं, लाईक ही सुरुवात आहे आणि तुम्हाला हवी आहे ती गप्पा. मिसळीच्या उत्तराच्या 8 लाईकमधून 6 जणींशी नीट बोलणं झालं आणि फोटोच्या 13 मधून 4 जणींशी. आकडे लहान आहेत, पण कोण जास्त राबतंय ते उघड आहे. कुत्र्याच्या 5 लाईकमधून एकही गप्पा नाही, त्याचं कारणही मला वाटतं तुम्हाला ठाऊक असावं. कुत्रा तुमचा आहे का? तसं तुम्ही लिहिलेलं नाही. मित्राचा असेल तर पहिला प्रश्न त्याचं नाव काय हा येतो आणि दुसऱ्या वाक्याला गप्पा संपतात. तुमचा स्वतःचा असेल तर फोटो राहू द्या, फक्त त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काहीतरी सोबत ठेवा.

ज्यांना हात लावायचा नाही त्या दोन गोष्टी म्हणजे बाल्कनीतला फोटो आणि मिसळीचं उत्तर. दोन्ही आहेत त्याच जागी राहू देत. फोटोखाली लगेच पहिलं उत्तर येतं, म्हणून मिसळीचं उत्तर पहिल्या जागी असेल तर ती जोडी तोडू नका. नसेल तर तेवढा एकच बदल वरच्या भागात करा आणि मग महिनाभर वरचा भाग विसरून जा.

तुम्हाला त्या उत्तराचा कंटाळा आलाय, यात नवल नाही, तुम्ही ते रोज बघता. वाचणारी ते एकदाच बघते. चाललेली उत्तरं बदलली जातात त्यातली बहुतेक मालकाला कंटाळा आला म्हणून बदलली जातात, आणि मग महिन्याभराने लोक विचारतात की आता कोणी बोलत का नाही. मिसळीचं उत्तर का चालतं ते समजून घ्या, म्हणजे नवीन उत्तर लिहितानाही उपयोग होईल. पुण्यात मिसळीबद्दल प्रत्येकाचं एक ठाम मत असतं. कोणी बेडेकरांची गोडसर मिसळ हीच खरी म्हणेल, कोणाला काटाकिर्रच्या तिखटापुढे ती मिसळच वाटणार नाही. म्हणजे वाचणारीला तुमच्याबद्दल विचार न करताच बोलायला विषय मिळतो, आणि तोही तुमच्याशी वाद घालण्याचा. आता त्यात सुधारणा म्हणून एखादा शब्दही बदलू नका. विनोद आणखी धारदार करायला जाऊन त्यातला बोलायला जागा देणारा भाग कापला जातो, असं फार होतं. उत्तराला 150 अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे एक भर घातली की दुसरं काहीतरी जातंच.

हे उत्तर कधी काढायचं तेही सांगते. त्यातली गोष्ट खरी राहिली नाही तर, म्हणजे तुम्ही पुणे सोडलंत किंवा मिसळ पथ्यात बंद झाली. किंवा लाईक येताहेत पण सलग बऱ्याच जणींशी बोलणं तिथेच अडकतंय असं दिसलं तर. नुसते लाईक कमी झाले म्हणून नाही.

आता बदलायच्या गोष्टी. यांचे मी दोन ढीग करते, कारण दोन्हींना वेगळे नियम लागतात.

पहिला ढीग चुकीच्या झालेल्या गोष्टींचा. तुमचा 2021 चा ट्रेकचा फोटो यात येतो. राजमाची छान आहे, पण त्या फोटोतला माणूस आता नाही. रोज चष्मा लावणारा, दाढी ठेवलेला माणूस भेटायला जाणार आणि फोटोत बिनचष्म्याचा, गुळगुळीत गालांचा. यात फसवण्याचा हेतू नसतो हे मला कळतं, पण हॉटेलच्या दारात समोरची व्यक्ती अर्धा क्षण थबकते आणि तो अर्धा क्षण पुढचा तासभर मध्ये येत राहतो. फोटो किती जुना चालतो याला मी वर्षांचा नियम लावत नाही. चष्मा, दाढी, केस, वजन यांपैकी काही बदललं असेल तर सहा महिन्यांचाही चालत नाही, आणि काहीच बदललं नसेल तर दोन वर्षांचाही चालतो. रूममेटची गिटारही याच ढिगातली. कोणीतरी काय वाजवतोस असं विचारणारच. ही दुरुस्ती आहे, प्रयोग नाही, त्यामुळे थांबायचं कारण नाही. आजच काढा.

उत्तरांमध्येही अशा शिळ्या गोष्टी असतात, तुमच्यात दिसत नाहीत पण तपासा. यंदा जूनमध्ये लडाखला जाणार असं लिहिलेलं जुलैत तसंच राहतं. आयपीएल संपून गेलेली असते आणि अमक्या संघाला चिडवायला तयार असं उत्तर ऑक्टोबरात लटकत असतं. वाचणारीला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस इथे फिरकत नाही. तारीख किंवा मोसम असलेलं काही लिहिलंत तर ते कधी काढायचं याची फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

दुसरा ढीग काहीच न करणाऱ्या गोष्टींचा. लग्नातला ग्रुप, जिमचा आरसा आणि `I'm looking for`. ग्रुपमध्ये सगळ्यांचे एकसारखे कुर्ते असणार आणि तुम्ही कोणते हे शोधण्याचे कष्ट कोणी घेत नाही. आरशातल्या फोटोत चेहऱ्यापुढे फोन येतो. आणि `I'm looking for` मध्ये तुम्ही काय लिहिलंय ते सांगितलं नाहीत, पण शून्य लाईक म्हणजे बहुधा समजूतदार, प्रामाणिक, विनोदबुद्धी असलेली जोडीदार. याच्याशी असहमत होता येत नाही आणि सहमत होऊन बोलण्यासारखंही काही नाही. लग्नाचा विचार आहे की नाही हे सांगायला ॲपमध्ये वेगळा रकाना आहे. तो खरा भरा आणि त्याच्याशी खेळू नका, कारण त्यावरून लोक आधीच गाळणी लावतात.

खाली गेलेल्या फोटोंना शून्य मिळाले म्हणजे ते वाईटच, असं मात्र नाही. सहाव्या जागेपर्यंत सगळ्या जणी पोचत नाहीत. म्हणून शून्याकडे बघताना जागाही बघा. तुमच्या बाबतीत ग्रुप आणि आरसा शून्याशिवायही काढलेच असते.

त्यांच्या जागी काय? रेडिओ. तुम्ही शेवटी सहज लिहिलंत तीच तुमच्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट आहे. टेबलावर उघडलेला रेडिओ, हातात सोल्डरिंग आयर्न, चष्मा नाकावर आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे नाही तर कामाकडे बघताय. कामाचे फोटो खोटे दिसत नाहीत कारण हाताला खरंच काहीतरी करायचं असतं. टेबल खिडकीजवळ घ्या, खिडकी एका बाजूला येऊ दे, ट्यूबलाईट बंद करा. सकाळी साडेसात ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतरचा उजेड मऊ असतो, पण खिडकीतून थेट ऊन येत नसेल तर दुपारीही चालेल. मित्राला हात लांब करून फोन नाकाजवळ आणू देऊ नका. जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. त्याला दोन मीटर मागे उभं करा आणि फोनमध्ये दुप्पट झूम लावा. डोक्यावर थोडी जागा सोडा, ॲप कडा कापतं. आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवेल तर बारकावे निघून जातील. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. चांगला काढलेला फोटो या एका पायरीवर धुरकट झालेला मी नेहमी बघते.

दुसरा नवा फोटो राजमाचीऐवजी. ट्रेकला अजून जात असाल तर आत्ताच्या चेहऱ्याचा, गॉगलशिवाय, डोंगर मागे लांब आणि तुम्ही कंबरेपासून वर दिसाल असा. नसाल जात तर ट्रेकचा फोटोच नको. तिसरा पूर्ण उंचीचा, साध्या कपड्यांतला, चालता चालता काढलेला. शेरवानी नको. शेरवानीत माणूस नवरदेव दिसतो आणि कोणाचा हा प्रश्न उरतो. जिम आणि गिटारपैकी एक जागा अजूनही उरते, ती भरायला घाई करण्यापेक्षा त्या जागी बाल्कनीतल्याच दिवशीचा दुसरा बरा फोटो चालेल, जर कुर्ता तोच नसेल तर.

`I'm looking for` च्या जागी `Unusual skills` घ्या आणि साधारण असं काहीतरी लिहा: बंद पडलेला रेडिओ चालू करून देतो. आवाज नक्की येईल, स्टेशन लागेलच असं नाही. इंग्रजीत लिहायचं की मराठीत हे तुम्हाला कोणाशी बोलायचंय त्यावर ठरवा. एक उत्तर मराठीत ठेवलं की पुण्यातल्या अमराठी मुलींचे लाईक कमी होणार आणि मराठीत गप्पा मारू शकणाऱ्या थांबून वाचणार. दोन्ही परिणाम तुम्हाला मान्य असतील तर ठेवा. `Two truths and a lie` सध्या राहू दे. 2 लाईक फार नाहीत, पण सगळं एकदम उपटलं तर काय लागू पडलं ते कळत नाही.

आता क्रम. नवीन फोटो थेट पहिल्या जागी टाकायचा नाही. तो चौथ्या-पाचव्या जागी शिरतो आणि तिथे लाईक मिळवू लागला, विशेषतः कोणी त्यावर काही लिहू लागलं, की दुसऱ्या जागेवर येतो. खालच्या भागात दोन फोटो आणि एक उत्तर एकाच दिवशी बदललं तरी चालतं, कारण लाईक कशावर पडला हे दिसतंच. वरच्या भागात, म्हणजे पहिला फोटो आणि पहिलं उत्तर, एका वेळी एकच गोष्ट आणि तीही निदान चार आठवडे. ॲपलाच पहिला फोटो निवडू देण्याची सोय तुमच्याकडे चालू असेल तर या काळात ती बंद ठेवा, नाहीतर कोणी कोणता फोटो आधी पाहिला याचा पत्ता लागत नाही. टिंडरने 2016 मध्ये स्मार्ट फोटोज नावाने हीच सोय आणली, फोटो आलटून पालटून पुढे करून जास्त पसंत होणारा वर ठेवायची. तिकडे ती चालू असेल तर हाताने क्रम बदलत बसू नका, दोघांनी ओढाताण करून काही निष्पन्न होत नाही.

बदल करण्याआधी पूर्ण प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोटो एका अल्बममध्ये ठेवा. काढून टाकलेलं उत्तर शब्दन् शब्द कोणाला आठवत नाही, आणि परत जायची वेळ आली तर तेच हवं असतं.

मोजायचं काय? येणारे लाईक तुमच्या बाबतीत महिन्याला चार-पाच, एवढ्यावर काही ठरवायला फार दिवस लागतील. पंधरा दिवसांत 4 आले आणि पुढच्या पंधरा दिवसांत 7, तर वरची कसोटी लावून बघा: बेरीज 11, वर्गमूळ 3.3, दुप्पट 6.6, फरक 3. काहीच सिद्ध झालं नाही. म्हणून तुम्ही पाठवलेल्या लाईककडे बघा, ते तुमच्या हातात आहेत. रोज तीन-चार, प्रत्येकासोबत एक ओळ लिहून, असे 50 पाठवा आणि त्यातल्या किती जणींनी उलट पसंती दिली, म्हणजे किती मॅच झाले, ते लिहा. बदल करा, तशाच मुलींना, तशाच ओळी लिहून आणखी 50. 3 चे 5 झाले तर खूश होऊ नका. 3 चे 11 झाले तर नवीन गोष्ट तिथेच राहू दे. मध्ये प्रोफाइल थोडा वेळ जास्त जणींपुढे आणणारा बूस्ट विकत घेतलात तर ते दिवस हिशेबातून वगळा. दिवाळीचे दिवस आणि जानेवारीचा पहिला रविवार यांचेही आकडे वेगळेच असतात. दिवाळीत अर्धं आयटी पुणे गावी गेलेलं असतं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी सगळीच डेटिंग ॲप गजबजतात.

मॅच वाढले पण गप्पा होत नाहीत, तर फोटोंना हात न लावता उत्तरं बघा. गप्पा होतात, भेट होते आणि दुसरी भेट होत नाही, तर मात्र फोटो आणि तुम्ही किती जुळता हे एखाद्या स्पष्टवक्त्या मैत्रिणीला विचारा. आईला नको.

हे वाचणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्याकडे लाईक बहुतेक वेळा भरपूर असतात, त्यामुळे संख्येवरून काहीच कळत नाही. सोबत ओळ लिहून आलेले किती आणि ती ओळ तुमच्या कोणत्या उत्तराबद्दल आहे एवढंच मोजा. ज्या फोटोवर नुसता हाय येतो तो कितीही लाईक आणत असला तरी बदलून बघायला हरकत नाही. चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हा नियम तिथे लाईकला नाही, चांगल्या ओळींना लावायचा.

खातं पुसून नव्याने उघडण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्याने सध्याचे सगळे मॅच आणि गप्पा जातात, आणि सुरुवातीचा तो फुगवटा परत मिळाला तरी दोन महिन्यांनी तुम्ही याच आकड्यावर येता. ज्या मुलींनी तुम्हाला एकदा पाहिलंय त्यांना तोच निळा कुर्ता पुन्हा दिसला तर काय वाटेल तेही धरा. थोडे दिवस कोणाला दिसायचं नसेल तर पॉज करा, जुने मॅच राहतात आणि बोलताही येतं.

आणि एक बारीक गोष्ट. गप्पांच्या यादीत तुमचा पहिलाच फोटो छोट्या गोलात दिसतो. कोणाशी शनिवारची भेट ठरलेली असताना शुक्रवारी रात्री पहिला फोटो बदललात तर तिला यादीत ओळखीचा चेहरा सापडत नाही. सध्या ज्यांच्याशी बोलणं चालू आहे त्या भेटी होऊन जाऊ देत, मग पहिल्या जागेचा काही प्रयोग करायचाच असेल तर करा.